चारशे ओळींचा कायदा

मेसेज मी सोमवारी सकाळी टीमच्या चॅनेलवर टाकला. मागण्या दोनच होत्या. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडमधला बदल तपासायला पाठवताना, बदललेल्या ओळी चारशेच्या आत ठेवा, आणि रिव्ह्यूची विनंती आली की एका कामाच्या दिवसात पहिलं उत्तर द्या. दुपारपर्यंत त्यावर भरपूर अंगठे, काही नमस्कार आणि एक नाचणारा पोपट येऊन बसला. पोपट मॅनेजरचा होता. पहिली लेखी प्रतिक्रिया अशी: ‘हा मेसेजच फार मोठा आहे, तुकडे करून पाठव.’ त्या प्रतिक्रियेला माझ्या मेसेजपेक्षा जास्त अंगठे मिळाले. हे मी मोजलं, आणि मोजलं याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मेसेज लिहायची वेळ का आली, ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे रिफंडची सोय करणारी एक पुल रिक्वेस्ट आली, २,३१८ ओळी वाढवणारी. त्यातल्या १,१४० एकट्या `package-lock.json`च्या, म्हणजे यंत्राने लिहिलेल्या, माणसाने वाचू नयेत अशा. आणखी ९१० ओळी नुसत्या फॉरमॅटिंगच्या. कुणीतरी जाता जाता फॉरमॅटर चालवला होता आणि सगळीकडची एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी झाली होती. उरल्या २६८ ओळी, हे खरं काम. पण ज्या फाइलमध्ये ते काम होतं, तिची प्रत्येक ओळ त्या अवतरणांमुळे ‘बदललेली’ दिसत होती. एवढा ऐवज पाहून गिटहबने ती फाइल मिटूनच ठेवली आणि वर पाटी लावली, `Large diffs are not rendered by default.` रिव्ह्यूला बसलेल्या मुलीला नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं. लेखक तिला दिवसभर ‘झालं का?’ विचारत होता. संध्याकाळी तिने LGTM, म्हणजे ‘मला ठीक वाटतं’, असं लिहून हिरवं बटण दाबलं. मिटलेली फाइल मिटलेलीच राहिली.

त्या फाइलमध्ये कोड आधी बघत होता की या ऑर्डरचा रिफंड झालाय का, आणि झाला नसेल तर पैसे पाठवून मग रिफंडची नोंद करत होता. बघणं आणि नोंद करणं यांच्या मध्ये जी फट होती, तिच्यातून ग्राहकाची दुसरी टिचकी आत शिरली. दोन्ही विनंत्यांना एकाच वेळी ‘नाही झाला’ असं उत्तर मिळालं आणि दोन्ही वेळा पैसे गेले. डेटाबेसमध्ये ऑर्डर क्रमांकावर, एकच क्रमांक दोनदा नोंदू न देणारी `UNIQUE` अट असती आणि पैसे पाठवण्याआधी नोंद केली असती, तर दुसरी नोंद तिथेच आपटली असती. हे २६८ ओळींत दिसतं. २,३१८ ओळींत दिसत नाही.

मग बैठक झाली. बैठकीत पहिला प्रश्न होता, ‘रिव्ह्यू कुणी केला होता?’ तो फॉरमॅटर कुणी चालवला होता, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

असो. आता वकीलसाहेबांकडे येतो.

वकीलसाहेब म्हणजे आमच्याच टीममधला, माझ्याच वयाचा एक डेव्हलपर. वकिलीशी त्याचा संबंध नाही, पण कुठलाही नियम समोर आला की त्याच्या डोळ्यांत चमक येते. मेसेज वाचून तो थेट कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर आला, उपम्याची बशी घेऊन.

“चारशे ओळी म्हणतोस. वाढवलेल्या की काढलेल्या?”

“दोन्ही मिळून.”

“म्हणजे एक ओळ बदलली तर गिट ती एक काढलेली आणि एक वाढवलेली धरतं. मग तुझे चारशे म्हणजे माझे दोनशेच झाले!”

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, ठीक आहे, फक्त वाढवलेल्या मोज. त्याने मान डोलावली आणि उपम्यातला काजू बाजूला काढून ठेवला. हा गृहस्थ काजू शेवटी खातो.

“रिकाम्या ओळी?”

“त्याही मोज.”

“मग मी रिकाम्या ओळी ठेवणारच नाही. वाचताना तुझेच डोळे जातील.”

“ठेव बाबा, त्या मोजू नकोस.”

“कॉमेंट्स?”

“मोज.”

“म्हणजे कॉमेंट लिहिणाऱ्याला दंड! नोंद घे, मी आजपासून कॉमेंट लिहीत नाही.” (तो कालपर्यंतही लिहीत नव्हता.) “टेस्ट?”

इथे मी जरा सावरून बसलो, कारण हा खरा प्रश्न आहे. टेस्ट मोजल्या की लोक मर्यादेत बसण्यासाठी सगळ्यात आधी टेस्टच गाळतात. नाही मोजल्या तर आठशे ओळींचं टेस्टचं पोतं येतं आणि तेही कुणालातरी वाचावं लागतंच. मी म्हटलं, टेस्ट मोजायच्या नाहीत, पण ज्या कोडच्या आहेत त्याच्याच सोबत यायला हव्यात. यंत्राने तयार केलेल्या फाइलीही मोजायच्या नाहीत. त्या कशा वगळायच्या, याची मोबाइलवर त्याला आज्ञाच दाखवली:

```
git diff --shortstat origin/main...HEAD -- . ':(exclude)package-lock.json'
```

त्याने ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याला फट सापडली असावी, कारण त्याने काजू वेळेआधीच खाल्ला.

“म्हणजे मी एकाच ओळीत तीनशे अक्षरं लिहिली तर चालेल?”

“फॉरमॅटर तोडेल ती.”

“आणि दोन हजारांचं काम पाच तुकड्यांत पाठवलं, पण पाचही तुकडे एकत्र आल्याशिवाय काहीच चालत नसेल, तर?”

तर तो तुकडा नव्हेच, फाडलेला कागद आहे, असं मी म्हणालो आणि रिफंडचंच उदाहरण घेतलं. पहिली पुल रिक्वेस्ट नुसत्या फॉरमॅटिंगची. ती नऊशेची असली तरी चालेल, कारण तिथे विचार करायचाच नाही, फक्त आत दुसरं काही लपलेलं नाही ना ते बघायचं. दुसरी डेटाबेसची: रिफंडचं टेबल आणि ती `UNIQUE` अट, जेमतेम चाळीस ओळी. जुना कोड त्या टेबलाकडे बघतही नाही, त्यामुळे ती आजच मुख्य कोडमध्ये मर्ज झाली तरी काही बिघडत नाही. तिसरी रिफंडचं खरं काम आणि त्याच्या टेस्ट, पण फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करायच्या खटक्यामागे, बंद ठेवलेलं. चौथीत पडद्यावरचं बटण. पाचवीत फ्लॅग चालू, दोन ओळी. प्रत्येक तुकडा एकटा मर्ज होतो, एकटा मागेही घेता येतो. तिसरा वाचताना माणसाच्या डोळ्यांसमोर दुसरं काहीच नसतं, त्यामुळे तो निदान विचारतो, ‘दोनदा दाबलं तर?’

वकीलसाहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पाच पुल रिक्वेस्ट म्हणजे पाच वेळा तुमच्या दारात उभं राहायचं. एकीला तीन दिवस लागतात. पाचांचे पंधरा. त्यापेक्षा मी एकच मोठी पाठवतो आणि सुट्टीवर जातो.”

याबद्दल मात्र मी त्याला मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. तोंडावर केला नाही. आमचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. गावाला दिवसातून एकच एसटी येत असेल, तर माणूस गाठोडं, पोतं, कोंबडी सगळं एकाच खेपेत चढवणार. रिव्ह्यू उशिरा होतो म्हणून लोक बदल मोठे करतात, आणि बदल मोठे असतात म्हणून रिव्ह्यू उशिरा होतो. त्यामुळे नुसती ओळींची मर्यादा घातली तर लोक वैतागून नियम मोडणार, आणि नुसती वेळेची घातली तर न वाचताच LGTM येणार. दोन्ही मागण्या एकाच मेसेजमध्ये होत्या, त्या याच कारणाने. ‘तुकडे करून पाठव’वाल्याने हे वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आकडे मी स्वप्नात पाहिलेले नाहीत. सिस्कोमधल्या कोड रिव्ह्यूंचा स्मार्टबेअरने अभ्यास केला होता. त्यात एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींच्या पलीकडे चुका सापडायचं प्रमाण घसरतं असं दिसलं, आणि तासाला पाचशेपेक्षा जास्त वेगाने वाचू नका असा सल्ला होता. गूगलने आपली रिव्ह्यूची पद्धत सगळ्यांना वाचायला ठेवली आहे. तिथे शंभरेक ओळी म्हणजे माफक आणि हजार म्हणजे बहुधा फारच मोठं. उत्तराला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस. मी चारशे म्हटलं, म्हणजे उदारच झालो.

तो कामाचा दिवसही वकीलसाहेबांनी सोडला नाही. ‘पहिलं उत्तर’ म्हणजे मंजुरी का? नाही. मग नुसतं ‘बघतो’ लिहिलं तर? इथे मी कायद्यात दुरुस्ती केली: ‘बघतो’ हे उत्तर नाही. उत्तर म्हणजे मंजुरी, किंवा एखाद्या ओळीवरचा नेमका प्रश्न, किंवा ‘उद्या बारापर्यंत वाचतो, घाई असेल तर अमक्याकडे दे’ असं वेळ आणि पर्याय सांगणारं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्याने एका पुल रिक्वेस्टच्या तिसऱ्या ओळीवर नेमका प्रश्न विचारला: ‘हे काय आहे?’ ती ओळ `import` होती.

हसून सोडून द्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या स्प्रिंटच्या बोर्डवर प्रत्येक कामाचं कार्ड असतं, चहाच्या यंत्राच्या दुरुस्तीचंसुद्धा. रिव्ह्यूचं नसतं. दिवसातला दीड तास दुसऱ्याचा कोड नीट वाचणाऱ्या माणसाचं स्वतःचं कार्ड मागे पडतं. वर्षअखेरीस त्याला विचारतात, तू किती कार्डं संपवलीस? नीट वाचल्यामुळे जो घोटाळा झालाच नाही, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? पण घोटाळा झाला की रिव्ह्यूवाल्याचं नाव बरोब्बर सापडतं. नियमासोबत मी मॅनेजरकडे वेगळं हेही मागितलं होतं, की रिव्ह्यूसाठी रोज सकाळचा एक तास राखून ठेवावा आणि तो स्प्रिंटच्या हिशोबात धरावा. त्या वाक्यावर पोपट नाचला नाही. मॅनेजर म्हणाले, “आधी ओळींचं बघू.” ओळींना पैसे पडत नाहीत ना.

सध्या चारशेच्या वर गेलं की बिल्डमध्ये पिवळा इशारा येतो. मर्ज अडत नाही, पण लेखकाला कारण लिहावं लागतं. आतापर्यंतची कारणं: ‘अर्जंट’, ‘खूप अर्जंट’, आणि एकदा नुसता ठिपका. ती मुलगी मात्र परवा एका मोठ्या पुल रिक्वेस्टवर लिहून आली, ‘फॉरमॅटिंग वेगळं काढ, मग वाचते.’ लेखक तिच्याहून बराच सीनियर होता. त्याने काढलं.

वकीलसाहेबांनी या आठवड्यात एक मेलेलं मॉड्यूल उपटून टाकलं, तीन हजारांवर ओळी कमी. काम चोख होतं, मी तासाभरात मंजूर केलं. लगेच त्याचा मेसेज आला: “या उणे ओळी माझ्या खात्यावर जमा धरायच्या ना? पुढच्या पुल रिक्वेस्टला वापरतो.”

मी लिहिलं, असं काही नसतं.

“रजा कॅरी फॉरवर्ड होतात,” त्याने लिहिलं, “मग ओळी का नाही?” आणि खाली एचआरला टॅग केलं.