दोष रिसेटचा की एका बॉक्सचा?

“पंख्याला व्हीएफडी बसवला की वीज वाचतेच, त्यामुळे डक्टचा स्टॅटिक प्रेशर ३७५ पास्कलवर फिक्स ठेवा. रिसेट लावला की शेवटच्या व्हीएव्ही बॉक्सला हवा पुरत नाही, पंखा सारखा वरखाली होतो आणि शेवटी सेटपॉइंट कमाल मर्यादेलाच जाऊन बसतो.”

रिसेट, म्हणजे बॉक्सच्या मागणीप्रमाणे डक्टच्या दाबाचा सेटपॉइंट आपोआप वरखाली करणं, याविरुद्ध हे आक्षेप घेतले जातात. व्हीएफडी म्हणजे पंख्याचा वेग बदलणारा ड्राइव्ह, आणि व्हीएव्ही बॉक्स म्हणजे डँपरने खोलीची हवा कमी-जास्त करणारा बॉक्स. आधी विजेचा हिशोब करू. समजा, पूर्ण भाराला एएचयू, म्हणजे डक्टमध्ये थंड हवा ढकलणारं युनिट, सेकंदाला १० घनमीटर हवा देतो आणि पंखा १००० पास्कल दाब निर्माण करतो. त्यातले ३७५ सेन्सरपाशी लागतात, उरलेले ६२५ फिल्टर, कॉइल आणि तिथवरच्या डक्टमध्ये खर्च होतात. हवा निम्मी झाली की हे ६२५ चौथाईवर, म्हणजे सुमारे १५६ वर येतात. ३७५ मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते आपणच फिक्स केलेत. बेरीज ५३१. त्याच वेळी सेटपॉइंट १०० वर आला तर बेरीज २५६. हवेला द्यावी लागणारी शक्ती पहिल्या वेळी २.७ किलोवॉट, दुसऱ्या वेळी १.३. व्हीएफडी दोन्हीकडे तोच आहे. मधला फरक अर्धवट मिटलेल्या बॉक्स डँपरांवर वाया जातो.

हवा कमी पडते, या तक्रारीत तर गोष्ट उलटी आहे. फिक्स सेटपॉइंटमध्ये मेन डक्टमधल्या एका सेन्सरला शेवटच्या बॉक्सचं काय चाललंय ते कळतच नाही. रिसेटमध्ये बॉक्स स्वतः मागणी करतो. एअर कंडिशनिंग इंजिनिअरांच्या अश्रे या संस्थेच्या गाइडलाइन ३६ मधला क्रम असा: डँपर ९५ टक्क्यांच्या वर उघडला की एक रिक्वेस्ट, आणि तो ८५ च्या खाली येईपर्यंत ती चालू. डँपर इतका उघडा असूनही मिनिटभर हवा ठरलेल्याच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर दोन, ५० हून कमी असेल तर तीन. पंखा सुरू झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं, मग दर दोन मिनिटांनी सगळ्या रिक्वेस्ट मोजायच्या. त्या दोन किंवा कमी असतील तर सेटपॉइंट १२ पास्कलने खाली. जास्त असतील तर, एकूण रिक्वेस्ट R धरून,

```
नवा = जुना − 12 + 15 × (R − 2)
```

यातली वाढ एका वेळी ३२ वर अडवलेली, म्हणजे निव्वळ चढ जास्तीत जास्त २०. पहिल्या दोन रिक्वेस्टकडे दुर्लक्ष होतं, हे खरं. एखाद्या बॉक्सला थोडी कमी हवा मिळू शकते. ती खोली महत्त्वाची असेल तर तिच्या रिक्वेस्टला गुणक द्यायची सोय आहे, ती वापरा.

पंखा वरखाली होतो या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जुन्या पद्धतीबद्दल. सर्वांत उघडा डँपर ९० टक्क्यांवर ठेवायला पीआयडी लावला की तो लूप आणि पंख्याचा लूप एकमेकांच्या मागे पळतात. बॉक्सच्या अ‍ॅक्चुएटरला पूर्ण उघडायलाच दीड-दोन मिनिटं लागतात. त्याहून घाईने सेटपॉइंट बदलला तर दुसरं काय होणार? कोणी ‘लवकर रिस्पॉन्स हवा’ म्हणून दोन मिनिटांची तीस सेकंद करून ठेवली असतील, तर ती आधी परत दोन मिनिटं करा.

कमाल मर्यादेला जाऊन बसणं साइटवर सर्रास दिसतं. चाळीस बॉक्सपैकी एकाचा फ्लो सेन्सरचा ट्यूब निसटलाय असं धरा. कंट्रोलरला हवा शून्य दिसते, तो डँपर पूर्ण उघडतो आणि तीन रिक्वेस्ट पाठवत राहतो. बाकी एकोणचाळीस गप्प असले तरी सूत्रात R तीनच. दर दोन मिनिटांनी अधिक ३, तासाला ९०. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सेटपॉइंट छताला! मग ऑपरेटर रिसेट बंद करतो आणि दोष क्रमाच्या माथी मारतो.

ओळखायचं कसं? बीएमएसवर, म्हणजे इमारतीच्या कंट्रोल सिस्टिमवर, प्रत्येक बॉक्सचे साचलेले रिक्वेस्ट-तास काढा, गुन्हेगार वरच दिसेल. मग त्याच्या खोलीचं तापमान बघा. हवा शून्य दाखवतोय आणि खोली गारठलीय, तर हवा येतेय आणि मोजमाप चुकलंय: ट्यूब तपासा. खोली खरोखर गरम असेल तर फायर डँपर मिटलाय, फ्लेक्सिबल डक्ट चेपलाय किंवा बॉक्सच लहान निवडलाय. दुरुस्ती होईपर्यंत त्या एकट्याचा गुणक शून्य करा. रिसेट चालू राहू द्या.

सेटपॉइंट फिक्स ठेवणं योग्य ठरेल अशी एक जागा आहे: जिथे बॉक्स नेटवर्कवर नाहीत, नुसत्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर चालतात. तिथे डँपरची स्थिती एएचयूला कळायला मार्गच नाही. पण तिथेही ३७५ डिझाइनच्या कागदावरून उचलू नका. बॅलन्सिंगच्या वेळी सगळ्यांत अवघड बॉक्सला पूर्ण हवा मिळतेय तोवर दाब उतरवत न्या आणि जिथे ती कमी पडू लागेल त्याच्या जरा वर थांबा.