लाइट गेली तेव्हा रांगेत चाळीस किटल्या होत्या

परवा सकाळी पावणेसातला दूध संस्थेत लाइट गेली. इन्व्हर्टरने दोन मिनिटं कळ काढली आणि तोही बसला. फॅट मशीन बंद, काटा बंद, कॉम्प्युटर बंद. आठला टेम्पो येणार आणि दारात चाळीसेक किटल्या.

मी आधी शेवटची पावती कुणाला मिळाली ते विचारलं. कोड ११२. वहीत तो नंबर लिहून खाली रेघ मारली, कारण लाइट आल्यावर सगळ्यात जास्त भांडणं एकाच दुधाची दोनदा नोंद झाली की होतात.

लिटरची जुनी मापं कपाटातून काढली. माप भरताना दूध कडेने सोडायचं, धबाधबा ओतलं तर फेसच मापात बसतो. वहीत फक्त कोड, लिटर आणि बाटलीचा नंबर.

बाटली महत्त्वाची. दूध एकदा मोठ्या कॅनमध्ये पडलं की कुणाचं काय ते देवालाही कळणार नाही. म्हणून आधी किटली ढवळायची, छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा, नंबर टाकायचा आणि मगच ओतायचं. बाटल्या गार पाण्याच्या बादलीत उभ्या ठेवल्या, नाहीतर उकाड्यात दूध नासलं असतं.

कोड ४७ चे काका म्हणाले, "अगं, कशाला एवढा पसारा? कालचीच फॅट लाव की."

काल त्यांना ४.१ लागली होती, म्हणून तर! मागच्या आजींना काल ३.४ होती, त्या काहीच बोलल्या नाहीत. आणि खरं सांगते, पदाधिकाऱ्यांपैकीही एकाचं फोनवर तेच म्हणणं होतं. मला हे अजिबात पटत नाही. एकाच गाईची फॅट सकाळ-संध्याकाळ बदलते. चारा बदलला, वासराने आधी किती ओढलं, शेवटच्या धारा नीट काढल्या की नाही, सगळ्याने फरक पडतो. शेवटच्या धारांत फॅट जास्त असते. मग कालचा आकडा आजच्या दुधाला कसा लावायचा?

टेम्पो वेळेत गेला. लाइट आली नऊला. तोवर बाटल्यांत वर साय धरली होती. तशीच मशीनला लावली तर नळीत वरचं दूध जातंय की खालचं, त्यावर आकडा ठरतो. जोरात हलवली तर हवेचे बुडबुडे होतात आणि मशीन भलताच आकडा दाखवतं. म्हणून प्रत्येक बाटली कोमट पाण्यात धरून, साय विरघळेपर्यंत हळूहळू उलटीसुलटी केली, मग गार करून लावली. एकेकीला चार-पाच मिनिटं. बारा वाजले. घरी चहा गार, सासूबाई गरम.

काकांना ३.७ लागली. आजींना ३.८.

संध्याकाळी काका पावती उलटसुलट बघत खिडकीशी उभे. "बाटली माझीच होती ना गं?"

मी वही पुढे केली. ४७, साडेअकरा लिटर, बाटली १९. बाटलीही फेकली नव्हती. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "वासरू सुटलं होतं पहाटे."