मालाची तिप्पट किंमत लावा म्हणणाऱ्यांना ब्रेडच्या एका घाण्याचा हिशोब

दावा असा फिरतोय: "बेकरीच्या पदार्थाची किंमत काढायला फार डोकं लावू नका. कच्च्या मालाचा खर्च काढा, त्याला तीनने गुणा, नगांनी भागा. एक भाग मालाचा, एक भाग गॅस-वीज, मजुरी, पॅकिंग आणि थोडंफार वाया जाण्याचा, आणि उरलेला एक भाग तुमचा नफा. लहान घाणा असो की मोठा, ब्रेड असो की बिस्किट, हेच चालतं."

साध्या टिन ब्रेडचा एक घाणा घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. चलन कुठलंही समजा. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे दर घाला. मोजायची रीत तीच राहील.

मैदा ५ किलो, पाणी ३ किलो, कोरडं यीस्ट ५० ग्रॅम, मीठ १००, साखर १५०, तूप किंवा तेल १५० ग्रॅम. एकूण वजन ८४५० ग्रॅम. मालाचा खर्च धरू २७०. विकायचा ब्रेड ४०० ग्रॅमचा.

पहिली चूक गुणाकाराच्याही आधी होते, "नगांनी भागा" म्हणताना. ८४५० ला ४०० ने भागलं की २१ नग येतात आणि बहुतेक जण वहीत २१ लिहून मोकळे होतात. पण ओव्हनमध्ये पाणी उडतं. टिन ब्रेडचं वजन भाजताना आणि गार होताना मिळून साधारण दहा ते तेरा टक्के कमी होतं. म्हणजे गार झाल्यावर ४०० ग्रॅम भरायला हवा असेल, तर टिनमध्ये गोळा ४५० ग्रॅमचा टाकावा लागतो. वजन गार झाल्यावरच करायचं, कारण गरम ब्रेडमधून वाफ जातच असते. ओव्हनमधून काढल्या काढल्या तो ४०५ दाखवतो आणि पिशवीत जाईपर्यंत ३९८ होतो. पाकिटावर ४०० छापलं असेल तर हा फरक गिऱ्हाईकाच्या काट्यावर दिसतो.

त्यात मिक्सरच्या भांड्याला, ओट्याला आणि हाताला चिकटलेलं पीठ दोनेक टक्के जातं. भांडं खरवडून बघा, अंदाज येईल. राहिले ८२८० ग्रॅम. ४५० ग्रॅमचे गोळे पडले १८, आणि एक छोटा तुकडा उरला. अठरापैकी एक बाजूला ठेवावा लागतो: कधी वरचा पापुद्रा फाटतो, कधी जास्त फुगून मधोमध बसतो, कधी कापताना चुरा होतो. पॅक झाले १७. त्यातला सरासरी एक मुदत संपेपर्यंत विकला जात नाही. पैसे आणणारे नग १६.

कागदावर २१, गल्ल्यात १६. मालाचा खर्च नगामागे तेरा वाटत होता, तो प्रत्यक्षात सतराच्या जवळ गेला. हे "थोडंफार वाया जाणं" नाही.

इथे वाया जाण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. बसलेल्या ब्रेडमध्ये माल, वीज आणि मळण्या-भाजण्याची मजुरी गेली. न विकलेल्या ब्रेडमध्ये त्यावर पिशवी, लेबल आणि पॅकिंगची मजुरीही गेली, म्हणून तो जास्त महाग पडतो. त्याचा चुरा करून विकत असाल तर चुऱ्याचे जेवढे पैसे खरोखर आले तेवढेच वजा करा, ब्रेडच्या भावाने नको. न विकलेल्याचा आकडा एका दिवसावरून धरू नये. महिनाभर रोज किती परत आले ते लिहिलं की सरासरी निघते.

आता तिप्पट करून बघा. २७० गुणिले तीन म्हणजे ८१०. त्याला २१ ने भागलं की नगाला साधारण साडेअडतीस. १६ नग विकून हातात आले ६१७.

खर्चाकडे वळू. विजेच्या ओव्हनला घाण्याचा खर्च काढायचा सरळ मार्ग म्हणजे मीटर: ओव्हन लावायच्या आधीचं रीडिंग, बंद केल्यावरचं रीडिंग. ओव्हनवर लिहिलेले किलोवॅट गुणिले तास केलं तर आकडा फुगतो, कारण तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट एलिमेंट चालू-बंद करत राहतो. गॅसवर भाजत असाल तर सिलिंडर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. आपल्या घाण्याला सहा किलोवॅटचा ओव्हन आहे असं धरू. तापायला अर्धा तास, म्हणजे तीन युनिट. मग नऊ-नऊ टिनच्या दोन खेपा, त्यात चारेक युनिट. मिक्सर धरून साडेसात. दर १० धरला तर ७५.

मजुरीत लोक हमखास स्वतःलाच विसरतात. घड्याळ लावून, हात कामात असतानाची मिनिटं मोजा. वजनं करायला १०, मळणी चालू असताना उभं राहून ती बघायला १५, गोळे पाडून, वळून टिनमध्ये घालायला ३५, ओव्हनमध्ये टाकणं-काढणं २५, कापून पॅक करायला ४०, टिन आणि ओटा साफ करायला २५. एकूण १५० मिनिटं. पीठ फुगतं तो वेळ यात नाही, कारण तेव्हा दुसरं काम होतं. होत नसेल, माणूस नुसता बसून असेल आणि त्याचा पगार चालू असेल, तर तो वेळही घाण्याच्याच नावावर पडला पाहिजे. मिनिटाला दोनचा दर धरला तर मजुरी ३००. मालापेक्षा जास्त!

ब्रेडचं हे असंच असतं. मैदा आणि पाणी स्वस्त, हात महाग. मळणी, वळणं आणि साफसफाई यांना पिठाच्या भावाशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे मजुरीला मालाच्या पटीत बसवायचा प्रयत्न मुळातच बिनबुडाचा आहे.

पॅकिंगला पिशवी, लेबल, क्लिप आणि बाहेरच्या खोक्यातला वाटा मिळून नगाला ७. पॅक झालेले १७ आणि एक फाटलेली पिशवी, म्हणजे १२६. ओव्हन-मिक्सरची झीज आणि जागेचं भाडं यांचा घाण्यामागचा वाटा ६० धरू. महिन्याचं भाडं महिन्याच्या घाण्यांनी भागलं की तो मिळतो.

बेरीज: माल २७०, वीज ७५, मजुरी ३००, पॅकिंग १२६, झीज-भाडं ६०. एकूण ८३१. १६ ने भागलं की नगाला ५२. तिप्पटवाला साडेअडतीसला विकतोय आणि प्रत्येक घाण्यात २१४ घालवतोय.

मग इतके लोक या सूत्राने धंदा करून खूश कसे? स्वतःची मजुरी काढून टाका, खर्च ५३१ वर येतो आणि ६१७ मधून ८६ उरलेले दिसतात. त्यालाच ते नफा म्हणतात. अडीच तासांचं काम, बाजारभावाने ३००चं, ८६ला केलेलं. पहिला माणूस पगारावर ठेवायची वेळ येते तेव्हा हे उघडं पडतं, आणि तोवर गिऱ्हाईकाला तो भाव अंगवळणी पडलेला असतो.

घाणा लहान असला तर काय? मैदा अडीच किलो घ्या. माल निम्मा होतो, पण ओव्हन तापायला तेवढाच वेळ लागतो, मळणीला तेवढीच मिनिटं उभं राहावं लागतं आणि साफसफाई जेमतेम पाच मिनिटांनी कमी होते. वर दिलेल्या रीतीनेच धरलं तर माल १३५, वीज ५५, मजुरी साधारण १९२, पॅकिंग ६३, झीज-भाडं ६० (भाडं घाणा बघून कमी होत नाही). एकूण ५०५, विकले जाणारे नग ८. एक नग ६३ला पडला. तोच ब्रेड, तीच कृती, तेच हात, फक्त घाणा अर्धा. तिप्पटीच्या सूत्रात दोन्हींची किंमत एकच येते.

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर मी एकतर्फी ठरेन. भरपूर लोण्याच्या बिस्किटांचा घाणा घ्या. माल ९००, मजुरी तेवढीच ३००, वीज ५०, चांगल्या डब्यांचं पॅकिंग २२५, झीज ६०. खर्च १५३५, तिप्पट २७००. इथे सूत्र तोट्यात घालत नाही, बिस्किटं काही फुटली तरीही. पण ते लोण्यावरही तिप्पट आकारतं, आणि शेजारचा नीट हिशोब करणारा त्याहून बऱ्याच कमी भावात विकून नफा कमावतो. म्हणजे एकाच दुकानात ब्रेड तोट्यात जातो आणि बिस्किटं पडून राहतात. मालाचा भाव वाढला की हीच गंमत पुन्हा: मैद्याचे २० वाढले तर ब्रेडचा खर्च नगाला सव्वाने वाढतो, सूत्र मात्र जवळजवळ तीनने वाढवायला सांगतं.

राहिला नफ्याचा भाग. नगाचा खर्च ५२ कळला, आता विक्री किमतीच्या २० टक्के नफा हवा आहे. इथे बरेच जण ५२ वर २० टक्के चढवून ६२.४० लावतात. त्यात नफा विक्रीच्या १७ टक्क्यांच्याही खाली राहतो. विक्रीचे २० टक्के हवे असतील तर खर्च हा विक्रीचा ८० टक्के भाग आहे, म्हणून ५२ भागिले ०.८०, म्हणजे ६५. दुकानदार विक्रीवर १५ टक्के कमिशन घेत असेल तर तेही त्याच भागाकारात जातं: ५२ भागिले ०.६५, म्हणजे ८०. कमिशन ६५ वर चढवलं तर ७४.७५ येतात आणि दुकानदाराचा वाटा देऊन हातात साडेत्रेसष्ट राहतात.

८० हा भाव बाजार देत नसेल, तर आकडा दाबण्याआधी वहीत बघा की ५२ कुठून आले. या घाण्यात सगळ्यात मोठी रक्कम मजुरीची आहे, आणि तिच्यातही कापून पॅक करण्याची ४० मिनिटं. न कापलेला ब्रेड विकता येतो का, किंवा एकामागोमाग दोन घाणे लावून ओव्हन एकदाच तापवता येतो का, हे आधी तपासा. मैदा स्वस्तातला घेऊन नगाला फार तर दीड-दोन वाचतात, आणि हलक्या मैद्याने ब्रेड बसायला लागला तर दुसराच नग बाजूला जाऊन ते तिथेच संपतात.