५७ टक्के की ५३? ओट्झीच्या कार्बनवरच्या आक्षेपाला उत्तर

प्रतिक्रिया:

"स्पष्ट लिहितो, राग नसावा. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी या प्राचीन माणसावरच्या लेखात तुम्ही म्हणता की त्याच्या हाडात ५७ टक्के कार्बन-१४ उरला होता आणि तो सुमारे ५२०० वर्षांपूर्वी मेला. मी अकरावी-बारावीला २६ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. अर्धायु ५७३० घेतली तर ५७ टक्क्यांवरून ४६५० वर्षं येतात. ५२०० यायला ५३ टक्के हवेत, आमच्या उदाहरणांत तेच असायचे. वर तुम्ही ५५६८ ही अर्धायु वापरलीत, जी साठ वर्षांपूर्वीच चुकीची ठरली. आणि मुळात ओट्झी जिवंत असताना त्याच्यात किती कार्बन-१४ होता हे कुणी मोजलं होतं? सुरुवातच ठाऊक नसताना असं वय काढणं म्हणजे आधी उत्तर ठरवून मग गणित जुळवणं."

उत्तर:

सर, तुमची आकडेमोड बरोबर आहे. चूक माझ्या एका शब्दात आहे: "उरला". ५७ टक्के हा आकडा मी दिला, पण कशाच्या ५७ टक्के ते सांगितलं नाही. तुम्ही तो साहजिकच "मूळच्या कार्बनपैकी" असा वाचलात. प्रयोगशाळा मात्र तसं काही मोजत नाही. तिला मूळचा कार्बन मोजताच येत नाही, इथे तुमचा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे.

मग ती मोजते काय? ओट्झी सापडला १९ सप्टेंबर १९९१ रोजी, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्समध्ये ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात. त्याच्या हाडाचे आणि ऊतींचे काही मिलिग्रॅम वजनाचे तुकडे झुरिच आणि ऑक्सफर्डला गेले. तिथे त्वरक यंत्रात कार्बनचे अणू वजनानुसार वेगळे करून अक्षरशः मोजले जातात. नमुन्यातलं कार्बन-१४ चं प्रमाण मिळालं की ते एका ठरलेल्या प्रमाणद्रव्याशी ताडून बघतात. ते प्रमाणद्रव्य म्हणजे १९५५ च्या पिकातल्या शुगरबीटपासून अमेरिकेत बनवलेलं ऑक्झॅलिक आम्ल. (त्याच्याही ९५ टक्केच धरायचे, कारण मधल्या काळात हवेत भलतंच काही मिसळलं होतं. तो विषय पुन्हा कधी.) या आम्लावरून "१९५० सालची स्वच्छ हवा" अशी एक काल्पनिक पातळी ठरवली आहे, आणि ओट्झीचा आकडा त्या पातळीच्या सुमारे ५६.७५ टक्के आला. माझे ५७ टक्के ते हेच. तुलना १९५० च्या हवेशी आहे. ओट्झीच्या काळातली हवा यात अजून आलेलीच नाही.

पुढची पायरी अशी:

```
t = -8033 × ln(F)
F = 0.5675  →  t ≈ 4550
```

८०३३ हे ५५६८ च्या अर्धायुवरून आलेलं सरासरी आयुष्य. म्हणजे ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबीचीच जुनी अर्धायु. १९६२ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत ५७३० हा सुधारित आकडा मान्य झाला, तरी वयं लिबीच्याच अर्धायुने छापायची असंही ठरलं, नाहीतर तोवर छापलेली शेकडो वयं नव्या वयांशी ताडून बघता आली नसती. त्यामुळे हे ४५५० म्हणजे "४५५० वर्षांपूर्वी" नव्हे. याला "रेडिओकार्बन वय" म्हणतात आणि ते १९५० पासून मागे मोजतात. वर्ष हा शब्द त्यात आहे, पण कॅलेंडरशी त्याचा अजून काही संबंध आलेला नाही. खरं तर हे मोजलेलं प्रमाणच आहे, फक्त वेगळ्या पट्टीवर मांडलेलं.

संबंध येतो तो झाडांच्या कड्यांमुळे. समशीतोष्ण प्रदेशातलं झाड दर वर्षी खोडात एक कडं धरतं, आणि त्या कड्यातला कार्बन त्याच वर्षीच्या हवेतला असतो. जर्मनीतल्या नद्यांच्या गाळातून निघालेले ओक, आयर्लंडच्या दलदलीतले ओक, कॅलिफोर्नियातले हजारो वर्षं जगणारे ब्रिसलकोन पाइन यांची जाड-बारीक कड्यांची नक्षी एकीला एक जुळवत आजपासून मागे बारा हजार वर्षांपलीकडे अखंड साखळी लावलेली आहे. या साखळीत कड्याचं वय नुसतं मोजून कळतं. किरणोत्साराचा तिथे काहीच भाग नाही. मग त्याच कड्याचा थोडा भाग यंत्रात घालून कार्बन-१४ मोजायचा आणि लिबीच्याच सूत्राने त्याचं रेडिओकार्बन वय काढायचं. असं हजारो कड्यांचं केलं की एक वक्र तयार होतो. आडव्या अक्षावर कड्यांचं खरं वय, उभ्यावर रेडिओकार्बन वय.

आता ओट्झीचे ४५५० या वक्रावर ठेवले की प्रश्न इतकाच उरतो: कोणत्या काळच्या कड्यांत आज त्याच्या हाडाइतकाच कार्बन-१४ आहे? उत्तर येतं, इसवी सनापूर्वी साधारण ३३५० ते ३१०० या काळातल्या. कडं आणि हाड दोघांनी कार्बन एकाच हवेतून घेतला, दोघांतही तो तेवढाच काळ क्षय पावत राहिला, म्हणून आज दोघांची प्रमाणं सारखी आहेत. नीट पाहिलं तर इथे अर्धायु लागतच नाही. सूत्रात ५५६८ च्या जागी ७००० घातले असते आणि कड्यांनाही तेच ७००० लावले असते, तरी हाड त्याच कड्यांशी जुळलं असतं.

एसटी स्टँडवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, पण वेळापत्रकही त्याच घड्याळावरून लिहिलं असेल तर गाडी चुकत नाही. चुकते ती स्वतःचं मनगटी घड्याळ बरोबर लावून तेच वेळापत्रक वाचणाऱ्याची. ५७३० घेऊन ओट्झीचं वय ४६८० च्या आसपास येतं. ते वक्रावर टाकलं तर तो दीडदोनशे वर्षं आणखी मागे सरकतो आणि ही चूक कुठे दिसतही नाही, कारण उत्तर शहाणंसुरतं वाटतं. आपल्याकडचे जुने उत्खनन अहवाल वाचताना मला हे फार जपावं लागतं. नमुन्याच्या क्रमांकात TF असेल तर मोजणी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटची, PRL असेल तर अहमदाबादची. पण छापलेलं वय ५५६८ चं की ५७३० चं, हे तळटीप शोधल्याशिवाय कळत नाही. ५७३० चं असेल तर आधी १.०२९ ने भागायचं, मगच वक्राकडे जायचं.

आता तुमचे ५३ टक्के. तेही खरे आहेत, आणि मला यातला सर्वांत गोड भाग हाच वाटतो. समजा ओट्झी १९५० च्या ५२०० वर्षं आधी मेला. खऱ्या अर्धायुने, म्हणजे ५७३० ने, तेवढ्या काळात मूळचा ५३.३ टक्के कार्बन-१४ शिल्लक राहायला हवा. आज तो १९५० च्या पातळीच्या ५६.७५ टक्के आहे. दोन्ही एकाच वेळी खरं व्हायचं तर त्याच्या काळच्या हवेत कार्बन-१४ सुमारे साडेसहा टक्के जास्त असला पाहिजे:

```
0.5675 / 0.533 ≈ 1.065
```

इथे तुम्ही मला पकडाल, की हे साडेसहा टक्के मी उत्तरातूनच उलटे काढले. इथल्या ओळीत तसेच काढलेत, हो. पण ते कड्यांतून स्वतंत्रपणेही मिळतात. कडं ५२०० वर्षांचं आहे हे मोजून ठाऊक आहे, त्यातला आजचा कार्बन-१४ मोजलेला आहे, ५७३० ने उलटा हिशेब केला की त्या वर्षीची हवा कळते. ओट्झी कधी सापडलाच नसता तरी हा आकडा तेवढाच आला असता. तेव्हा हवेत तो जास्त का होता याचं मोठं कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. त्या काळी ते आजच्यापेक्षा दुबळं होतं, त्यामुळे वैश्विक किरण जास्त आत येत आणि वरच्या हवेत नायट्रोजनपासून कार्बन-१४ जास्त बनत असे. पुस्तकातलं उदाहरण चुकीचं नाही. ते फक्त गृहीत धरतं की कुणीतरी मूळची पातळी आपल्या हातात आणून दिली आहे.

एक मर्यादा मात्र मी लेखात झाकल्यासारखी झाली, ती कबूल करतो. मोजणीतली अनिश्चितता जेमतेम २० वर्षांची होती, म्हणजे प्रमाणात पाव टक्का. तरी उत्तर अडीचशे वर्षांचं का? कारण त्या शतकांत वक्र सरळ उतरत नाही, सूर्याच्या कमीजास्त क्रियाशीलतेमुळे वरखाली हेलकावे खातो, आणि एकच आडवी रेघ त्याला तीनचार जागी छेदते. यंत्र दुप्पट अचूक केलं तरी ही संदिग्धता जात नाही. ओट्झीच्या जागी शंभर कड्यांचा ओंडका असता तर सगळे हेलकावे एकावर एक बसवून वर्ष बरंच नेमकं काढता आलं असतं. माणसाच्या हाडाला तशी सोय नाही.

आणि "एकाच हवेतून" या माझ्या वाक्याला एक अट आहे. तो डोंगरातलं धान्य आणि हरणा-शेळीचं मांस खाऊन जगला, म्हणून ते चाललं. समुद्रातले मासे हेच मुख्य अन्न असतं, तर खोल पाण्यातला जुना कार्बन हाडात येऊन वय शेकडो वर्षं जास्त दिसलं असतं. मळाची भीतीही असते, पण ती नमुन्याच्या वयावर अवलंबून असते. ओट्झीच्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय ६० वर्षांनी कमी दिसेल, बस. तोच एक टक्का दगडी कोळशात मिसळला, ज्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही, तर कोळसा ३७,००० वर्षांचा दिसेल. कोळशातही कार्बन-१४ सापडतो, मग ही पद्धतच खोटी, असं म्हणणाऱ्यांचे संदेश मला अधूनमधून येतात. त्यांनी हा एक टक्का आधी हिशेबात धरावा. प्रयोगशाळा तो धरतातच: मुद्दाम मृत कार्बन मोजून आपल्याकडे किती मळ शिरतो ते बघतात आणि तेवढा वजा करतात.

लेखातलं वाक्य आता बदललं आहे. नवं वाक्य असं: "ओट्झीच्या हाडातलं कार्बन-१४ चं प्रमाण १९५० च्या प्रमाण-पातळीच्या ५६.७५ टक्के भरलं. इसवी सनापूर्वी ३३५० ते ३१०० च्या झाडांच्या कड्यांतही ते आज जवळपास तेवढंच भरतं." "उरला" हा शब्द काढून टाकला.