३०० मीटरचा रोल आणि आठ पॅलेट: दुकानाकडून उत्तर

"पॅलेट गुंडाळायच्या स्ट्रेच फिल्मच्या रोलवर ३०० मीटर छापलंय. आमचं पॅलेट १.२ बाय १ मीटर, माल धरून उंची दीड मीटर, फिल्म अर्धा मीटर रुंद. तीन वेढ्यांत झाकलं जातं, वर-खाली एकेक जास्तीचा धरून पाच. म्हणजे २२ मीटर. १३ पॅलेट व्हायला हवी होती, झाली आठ. सरळ मापात पाप. एक स्टार."

नमस्कार साहेब. परीघ तुम्ही अचूक काढलात, ४.४ मीटर. वेढे मात्र कमी धरलेत. तीनच वेढ्यांत झाकायचं तर एक पट्टा जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू करावा लागेल. असं बांधलेलं पॅलेट आंबा घाटाच्या वळणांवर कलतं. पल्पच्या डब्यांचे खोके वजनदार, त्यांना निम्मा पट्टा निम्म्यावर चढवावाच लागतो. मग फिल्म एका वेढ्यात अर्धा मीटर नाही, २५ सेंटिमीटरच वर जाते.

आता मोजा. तळाशी एकाच जागी तीन वेढे, पॅलेटच्या लाकडालाही धरून, नाहीतर माल एकीकडे आणि पॅलेट दुसरीकडे. वर चढताना चार. माथ्यावर आणखी एक. झाले आठ, म्हणजे ३५.२ मीटर. (तिरकं चढल्यामुळे लांबी वाढते, पण वेढ्याला सेंटिमीटरभरसुद्धा नाही.) ३०० मीटरमध्ये आठ पॅलेट होऊन अर्ध्याची फिल्म उरते.

पण यावरून दिसतं ते असं, की तुमची मुलं फिल्म न ताणता नुसती गुंडाळतात. ही फिल्म ताणूनच लावायची असते, पकड त्यातूनच येते. रोलवर मार्करने १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि मालावर गेल्यावर तेच अंतर मोजा. १२ भरलं तर ताण २० टक्के. मग ३५.२ ला १.२ ने भागायचं: रोलमधून जेमतेम २९.३ मीटर जातात आणि दहा पॅलेट होतात. त्याहून जास्त हाताने ओढायला गेलात तर फिल्म कोपऱ्यावर फाटते, खोक्यांच्या कडाही दबतात. खोके पॅलेटबाहेर येत असतील तर परीघ पॅलेटचा नको, मालाचा घ्या.

चिकटपट्टीला हा फायदा नाही, ती ताणत नाही. ६५ मीटरच्या रोलमध्ये, टोकावर टोक चढवायला १० सेंटिमीटर धरून, १४ वेढे. बस.

राहिला मापाचा प्रश्न. तुम्ही नेलेली फिल्म २३ मायक्रॉनची, अर्धा मीटर रुंद. तिचं वजन मीटरला साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे ३०० मीटरची नुसती फिल्म ३.२ किलोच्या आसपास. आतली पुठ्ठ्याची नळी वेगळी. तुमची रिकामी नळी आणि न फोडलेला एक रोल घेऊन मिरजोळे एमआयडीसीतल्या दुकानात या, काट्यावर तुमच्यासमोर ठेवू. फिल्म तीन किलोच्या खाली भरली तर रोल बदलून मिळेल.