घसा नाही, अक्कलदाढ होती

"घसा एकाच बाजूने दुखतोय, जबडा सुजलाय, गिळवत नाही, घशाच्या डॉक्टरकडे जाऊ की दातांच्या?"

आधी दातांच्या. आमच्या धाकट्या दिरांना इथे इंदूरला अगदी हेच झालं होतं, चार दिवस घसा समजून गुळण्या आणि गोळ्या चालू, तोंड जेमतेम एक बोट उघडायचं, पोह्याचा घाससुद्धा जाईना. खालची दाढ अर्धवट वर आलेली, तिच्यावर हिरडीची झडप, त्याखाली अन्न अडकून पू झालेला, आणि तिथली सूज घशाकडे पसरते म्हणून गिळताना कळ येते. डेंटिस्टनी झडपेखाली सलाईनची पिचकारी मारून धुतलं तर शेवेचे कण निघाले हो! ताप होता, तोंड उघडत नव्हतं, म्हणून ॲंटिबायोटिक दिलं, नुसतं दुखत असेल तर बऱ्याचदा धुण्यावरच भागतं. सूज उतरल्यावर एक्सरे बघून दाढ काढली, कारण झडप तशीच राहिली की पुन्हा अन्न अडकतं.

पण थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, जिभेखाली कडक सूज असेल, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास झाला, तर डेंटिस्टची वेळ घेत बसू नका, रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.