लाईट गेली की ऑनग्रीड सोलर का बंद पडतं आणि तरी मी तेच का ठेवलंय

ऑनग्रीड, म्हणजे विजेच्या लाईनीला जोडलेल्या सोलरवर मी लेख लिहिला होता, त्यावर एका वाचकाने लिहिलंय:

"तुमचं ऑनग्रीडचं कौतुक वाचलं. पण लाईट गेली की तेही बंद, मग उपयोग काय? आमच्या गुहागरात पावसात लाईट असते कुठे? सरळ ऑफग्रीड घ्या म्हणून सांगायचं ना लोकांना."

दादा, बंद पडतं हे मी मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं, चूक माझी. पण ते मुद्दाम बंद केलेलं असतं. लाईन बंद आहे समजून वायरमन पोलवर चढलेला असतो, आणि आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनीत गेली तर ट्रान्सफॉर्मरमधून तीच ११ हजार व्होल्ट होऊन पुढे जाते, म्हणून ग्रीड गेली की सोलरचा इन्व्हर्टर No Grid दाखवून लगेच थांबतो.

आता ऑफग्रीडचा, म्हणजे लाईनीला न जोडता नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या सोलरचा हिशोब बघा. आमच्या घरात फ्रीज, पंप धरून रोज साधारण ८ युनिट लागतात. १५० एएच, १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १.८ युनिट, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाताला ०.९. दोन दिवस सूर्य दिसला नाही तर १६ युनिट हवेत, म्हणजे १८ बॅटऱ्या! त्या ठेवायच्या कुठे, पाणी कोण घालणार, आणि चार-सहा वर्षांनी परत सगळ्या बदलायच्या. शिवाय आपल्याकडे जुलैत दोन दिवस कसले, आठ-आठ दिवस झड असते, ३ किलोवॅटचं पॅनल जे एप्रिलात रोज १२-१३ युनिट देतं ते त्या दिवसांत ३ वर येतं. बरं, मे महिन्यात बॅटरी दुपारीच भरली की पुढचं ऊन फुकट जातं, ऑनग्रीडमध्ये तेच जादा युनिट नेट मीटरिंगने खात्यात जमा होऊन जून-जुलैच्या बिलात वळते होतात. मेचं ऊन जुलैपर्यंत ठेवणारी बॅटरी अजून कुणाच्या घरात नाही. आणि केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, ३ किलोवॅटला ७८ हजार, ती ग्रीडला जोडलेल्या सिस्टीमलाच मिळते.

मग लाईट गेल्यावर? मी ऑनग्रीडसोबत साधा घरगुती इन्व्हर्टर आणि एकच १५० एएच बॅटरी ठेवलीय. दोन कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, चार एलईडी, राऊटर, सगळं मिळून १०६ वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खप धरून १३० म्हणा, म्हणजे सात तास निघतात, रात्र होते. फक्त वायरिंग करताना सोलरची लाईन या इन्व्हर्टरच्या आऊटपुटला जोडू देऊ नका, ती मेन बाजूलाच राहिली पाहिजे, नाहीतर लाईट गेल्यावर सोलरला वाटतं ग्रीड चालूच आहे आणि घरचा इन्व्हर्टर जळू शकतो.

पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं झालं, पोलच आडवे, कित्येक दिवस लाईट नाही, तर माझी बॅटरी पहिल्याच रात्री संपेल आणि पॅनलवर कडक ऊन असून तिला भरता येणार नाही. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्यासाठी हायब्रीड इन्व्हर्टर घ्यायचा, तो ग्रीड तोडून पॅनलवरून बॅटरी भरतो आणि बॅकअपचा वेगळा आऊटपुट चालू ठेवतो, बिलाचा फायदाही जात नाही. महाग पडतो, पण घरात ऑक्सिजन मशीन किंवा इन्सुलिनचा फ्रीज असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. निव्वळ ऑफग्रीड मी फक्त बागेतल्या खोपीला सांगेन, जिथे पोलच पोचलेला नाही. तुमच्याकडे एका वेळी किती तास लाईट जाते ते महिनाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि इथे टाका, मी लोड काढून देतो.